फ्रेंच सब्जंक्टिव्हचं सहज इंग्रजी कसं करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळ-अजिंठा पाहायला येणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांची पत्रं मी छत्रपती संभाजीनगरात बसून इंग्रजीत करते. ती वाचतात ती गेस्ट हाऊसवाली, गाईड मंडळी आणि टॅक्सीचे मालक. फ्रेंच शिकणारी आपल्याकडची मुलं-मुली माझ्याकडे कामाला बसतात, तेव्हा त्यांचं गाडं नेमकं एकाच ठिकाणी अडतं. सब्जंक्टिव्ह, म्हणजे काही शब्दांनंतर येणारं फ्रेंच क्रियापदाचं खास रूप, ओळखता येतो, चालवता येतो, पण इंग्रजीत उतरवला की वाक्य ताठ होतं. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे मांडली आहेत. फ्रेंच आणि इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

सब्जंक्टिव्हचा अर्थ इंग्रजीत नेमका कोणत्या शब्दाने आणायचा?

बहुतेक वेळा कोणत्याच नाही. मराठीतलं सामान्यरूप आठवा. आपण "घोड्यावर" म्हणतो, तेव्हा "घोडा"चं "घोड्या" का होतं? कारण पुढे "वर" आलं आणि त्याने ते रूप मागितलं. त्या "ड्या"ला स्वतःचा अर्थ नाही. "घोड्यावर"चं भाषांतर करताना आपण घोडा आणि वर या दोघांचा विचार करतो, "ड्या" कुठे ठेवायचा म्हणून कुणी अडून बसत नाही.

फ्रेंच सब्जंक्टिव्ह बहुतांश ठिकाणी तसाच आहे, फरक इतकाच की त्याला मागणारा शब्द आधी येतो. "इल फो क" म्हणजे "पाहिजे", "आवाँ क" म्हणजे "आधी", "ब्याँ क" म्हणजे "जरी". हे शब्द आले की पुढचं क्रियापद रूप बदलतं. लिहिणाऱ्याला तिथे निवड नसते. अर्थ सगळा त्या आधीच्या शब्दात असतो, म्हणून भाषांतर त्या शब्दाचं करायचं आणि क्रियापद इंग्रजीला जसं हवं तसं ठेवायचं.

"ब्याँ किल स्वा फातिगे" घ्या. तो दमला आहे की नाही, याबद्दल इथे काहीच शंका नाही. तो दमलेलाच आहे. तरी "स्वा" हे सब्जंक्टिव्ह रूप दिसतं आणि नवा भाषांतरकार "दो ही मे बी टायर्ड" लिहून मोकळा होतो. मूळ वाक्यात नसलेली शंका इंग्रजीत शिरते. साधं "ऑल्दो ही इज टायर्ड" पुरतं. बोलण्यात तर "ही'ज टायर्ड, बट..." इतकंच येईल.

माझ्या भाषांतरात सारखं "शुड" येतं. ते कुठून येतं?

मराठीतून. आपल्याकडे "त्याने यावं" हे विध्यर्थी रूप आहे आणि इच्छा, आज्ञा, गरज या जागी ते फ्रेंच सब्जंक्टिव्हशी छान जुळतं. "ज व किल विएन" म्हणजे "त्याने यावं असं मला वाटतं". विद्यार्थी मनात ही मराठी पायरी घेतो, "यावं"साठी शाळेत शिकलेलं "शुड" उचलतो आणि "आय वॉन्ट दॅट ही शुड कम" लिहितो. निम्मी चूक फ्रेंचमधून आली आहे, निम्मी मराठीतून.

इंग्रजी इथे वेगळाच रस्ता धरते. "वॉन्ट" या क्रियापदाला मागे "दॅट"चं वाक्य रुचत नाही. त्याला माणूस आणि "टू" हवं असतं: "आय वॉन्ट हिम टू कम." हीच चाल "एक्स्पेक्ट", "नीड", "वुड लाइक" यांनाही चालते. "इल फो क वू पार्तिए आवाँ सेत अर" याचं "इट इज नेसेसरी दॅट यू लीव बिफोर सेव्हन" व्याकरणाने बरोबर आहे, पण माणसं असं बोलत नाहीत. "यू नीड टू लीव बिफोर सेव्हन" म्हणा. "इल फो क"मधला "इल" हा कुणी कर्ता नाही. ज्याला निघायचं आहे तो "वू" आहे, त्यालाच इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी आणून बसवायचं.

मराठी पायरी टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ती उपयोगी आहे. निरोप मराठीत एकदा सांगून पाहिला की अर्थ पक्का होतो. फक्त मराठीचं क्रियापद इंग्रजीत नेऊ नका, निरोप तेवढा न्या.

"आवाँ किल न प्लव" यात "न" आहे. मग "पाऊस न पडण्याआधी" असं म्हणायचं का?

नाही. हा "न" नकाराचा नाही. फ्रेंच व्याकरणात याला "न एक्सप्लेतिफ" म्हणतात. "आवाँ क" (आधी), "आ म्वाँ क" (नसेल तर, वगळता) आणि भीती सांगणारी क्रियापदं यांच्यामागे तो येतो, लिखाणात जास्त आणि बोलण्यात कमी. काढून टाकला तरी अर्थात फरक पडत नाही. वाक्याचं इंग्रजी आहे "बिफोर इट रेन्स".

आपल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपणही तेच करतो. "तो येत नाही तोवर इथंच थांब" या वाक्यात "नाही" आहे, पण थांबायचं आहे ते तो येईपर्यंत. संभाजीनगरच्या रस्त्यावर ऐकू येणाऱ्या "जब तक वो नहीं आता" मध्येही तोच "नहीं" आहे. नकाराचा शब्द असून नकार नसणं आपल्या तोंडात रुळलेलं आहे. इंग्रजीला मात्र ते अजिबात चालत नाही.

चूक किती महाग पडते ते पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. एका पाहुण्याने लिहिलं, की आम्ही पोचलो त्याच दिवशी वेरूळला जाऊ, "आ म्वाँ क स न स्वा अँ मार्दी". याचं इंग्रजी "अनलेस इट'स अ ट्यूजडे". "न"ला नकार समजून "अनलेस इट इजन्ट अ ट्यूजडे" लिहिलं, तर सगळी गाडी नेमकी मंगळवारी बंद फाटकासमोर जाऊन उभी राहील.

मग खरा नकार ओळखायचा कसा?

"पा" शोधा. मराठवाड्याच्या माणसाला हा फरक एका जोडीत लक्षात राहील. "जे पर किल न प्लव" म्हणजे पाऊस येईल अशी भीती: "आय'म अफ्रेड इट'ल रेन." "जे पर किल न प्लव पा" म्हणजे पाऊस येणारच नाही अशी भीती: "आय'म अफ्रेड इट वोन्ट रेन." पहिलं वाक्य सहलीला निघालेल्या पाहुण्याचं आहे. दुसरं जूनच्या शेवटी आभाळाकडे बघणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचं. दोन्हींत "प्लव" हेच सब्जंक्टिव्ह रूप आहे, त्याने काही सांगितलं नाही. सगळा फरक एका "पा"ने केला.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या. जपून, जुन्या वळणाने लिहिणारी माणसं "पुव्वार" (शकणे), "साव्वार" (माहीत असणे), "ओजे" (धजणे) अशा मोजक्या क्रियापदांशी "पा" न लावताही खरा नकार करतात. पण तिथे आधी "आवाँ क" किंवा भीतीचा शब्द नसतो, त्यामुळे सहसा गोंधळ होत नाही.

या दोन वाक्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. सब्जंक्टिव्हला भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. "प्लव" हे "पडतो" आणि "पडेल" दोन्हींसाठी चालतं. इंग्रजीला मात्र काळ ठरवावाच लागतो, म्हणून "विल" आपण आणायचं. "ज न क्र्वा पा किल विएन" याचं "आय डोन्ट थिंक ही कम्स" केलं तर वाक्य लुळं पडतं. "आय डोन्ट थिंक ही'ज कमिंग" किंवा "ही'ल कम" हवं.

मागचा काळही असाच पाहायचा. आजची फ्रेंच "जे पार्ले लाँतमाँ पुर किल कोंप्रेन" म्हणते. बोलून झालेलं आहे, पण "कोंप्रेन" हे वर्तमानाचंच सब्जंक्टिव्ह. इंग्रजीत ते मागे सरकवा: "आय स्पोक स्लोली सो ही'ड अंडरस्टँड." "इन ऑर्डर दॅट ही मे अंडरस्टँड" ही जुन्या कायद्याच्या पुस्तकातली भाषा झाली.

सब्जंक्टिव्हला कधीच अर्थ नसतो, असं समजायचं का?

असं समजलात तर माझ्यासारखी चूक कराल. काही जागा अशा आहेत की तिथे लिहिणाऱ्याला खरोखर निवड असते. साधं रूपही बसतं, सब्जंक्टिव्हही बसतो, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा होतो. तिथे क्रियापदाचं शेपूट डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं.

काम सुरू केलं त्या वर्षी एका कुटुंबाची चिठ्ठी माझ्याकडे आली होती. वाक्य होतं, "दीत ओ शोफर किल आताँद आ लाँत्रे." मी घाईत "आताँद"च्या जागी "आताँ" वाचलं. लिहिताना दोन्हींत एका शेवटच्या अक्षराचाच फरक आहे. "आताँ" असतं तर अर्थ झाला असता, "तो प्रवेशाशी वाट पाहतोय असं ड्रायव्हरला सांगा", आणि मी तसंच लिहिलं: "टेल द ड्रायव्हर ही'ज वेटिंग अ‍ॅट द एन्ट्रन्स." ड्रायव्हर प्रवेशाशी गेला, वाट पाहणारा कोण ते शोधलं, कुणी दिसेना म्हणून गाडी परत पार्किंगला नेली. खरा निरोप होता, "ड्रायव्हरला सांगा, प्रवेशाशी थांब": "टेल द ड्रायव्हर टू वेट अ‍ॅट द एन्ट्रन्स." लेणी बघून ते लोक बाहेर आले, तर गाडी नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाई उन्हात उभ्या राहिल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तेव्हापासून "दीर क", म्हणजे "सांगणे की", दिसलं की पुढचं क्रियापद मी दोनदा वाचते.

नियम एवढाच: "दीर क" नंतर साधं रूप आलं तर ती बातमी, सब्जंक्टिव्ह आला तर तो हुकूम किंवा विनंती. इंग्रजीत हुकुमासाठी "टेल समवन टू". मराठीत आपणही हाच फरक "तो थांबलाय असं सांग" आणि "त्याने थांबावं असं सांग" यात करतो. त्यामुळे इथे मराठी पायरी अगदी चपखल बसते.

"गाईड हवा आहे" या वाक्यात कधी "से", कधी "साश" दिसतं. फरक काय?

ही दुसरी खरी निवड. "ज शेर्श अँ गीद की से ल फ्राँसे" म्हणणाऱ्याच्या मनात एक ठरावीक गाईड आहे, ज्याला फ्रेंच येतं, आणि तो कुठे भेटेल हे तो विचारतोय. "...की साश ल फ्राँसे" म्हणणाऱ्याला फ्रेंच येणारा कुणीही चालेल, आणि असा कुणी मिळेल की नाही हेही त्याला माहीत नाही.

इंग्रजी क्रियापद हा फरक दाखवू शकत नाही, दोन्हीकडे "नोज" किंवा "स्पीक्स"च येणार. मग फरक दुसरीकडे ठेवायचा. कुणीही चालेल तिथे "आय'म लुकिंग फॉर समवन हू स्पीक्स फ्रेंच", किंवा अजून मोकळं, "इज देअर अ गाईड हू स्पीक्स फ्रेंच?" ठरावीक माणूस असेल तिथे "आय'म लुकिंग फॉर अ पर्टिक्युलर गाईड, वन हू स्पीक्स फ्रेंच." काम "समवन" आणि "पर्टिक्युलर" यांनी केलं. "हू मे नो फ्रेंच" लिहू नका. त्याचा अर्थ "ज्याला कदाचित फ्रेंच येत असेल" असा होतो, आणि तसला गाईड कुणालाच नको असतो.

आणि "मी पाहिलेलं सर्वांत सुंदर लेणं" यात सब्जंक्टिव्ह का येतो?

सर्वांत, पहिला, एकमेव अशा शब्दांनंतर फ्रेंच बोलणारा आपलं मत आहे हे सब्जंक्टिव्हने सुचवतो. "से ला प्लू बेल ग्रॉत क जे व्यू." इथे इंग्रजीने एक सुंदर सोय करून ठेवली आहे, "एव्हर" हा शब्द: "इट'स द मोस्ट ब्यूटिफुल केव्ह आय'व्ह एव्हर सीन." "एव्हर" काढून वाचा, वाक्य थंड पडतं.

एक पूर्ण पत्र करून दाखवाल का?

या धर्तीची पत्रं हिवाळ्यात बरीच येतात. चार वाक्यं घेऊ.

पहिलं: "इल फोद्रे क ला व्वात्यूर स्वा ला आ सीज अर, पुर क नू एयों ल ताँ द व्वार ल कैलास आवाँ किल न फास त्रो शो." एका वाक्यात तीन सब्जंक्टिव्ह: "स्वा", "एयों", "फास". शब्दाला शब्द ठेवला तर होतं, "इट वुड बी नेसेसरी दॅट द कार बी देअर अ‍ॅट सिक्स, इन ऑर्डर दॅट वी मे हॅव द टाइम टू सी द कैलास बिफोर इट शुड बी टू हॉट." यात व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही, पण टॅक्सीवाला हे वाचून डोकं खाजवत बसेल.

आता मराठीत निरोप सांगून पाहू: "सहाला गाडी मिळेल का? ऊन चढायच्या आत कैलास बघून व्हायला पाहिजे." "इल फोद्रे" हे "इल फो"चं मऊ रूप आहे, ती सभ्य विनंती आहे, हे विसरायचं नाही. म्हणून: "कुड वी हॅव द कार अ‍ॅट सिक्स, सो वी हॅव टाइम टू सी द कैलास बिफोर इट गेट्स टू हॉट?" पहिला सब्जंक्टिव्ह "हॅव द कार" मध्ये विरघळला, दुसरा "सो वी हॅव" झाला, तिसरा साधा "गेट्स". "न"चा मागमूसही उरला नाही. "इज टू हॉट" ऐवजी "गेट्स" घेतलं, कारण ऊन वाढत जातं आणि इंग्रजी ते वाढणं "गेट"ने सांगते.

दुसरं: "मा मेर मार्श लाँतमाँ, ज प्रेफेर दोंक केल दॉर्म ओ रे-द-शोसे." इथे दोन चांगले पर्याय आहेत. "माय मदर वॉक्स स्लोली, सो आय'ड लाइक हर टू हॅव अ रूम ऑन द ग्राउंड फ्लोअर." किंवा "सो आय'ड रादर शी स्लेप्ट ऑन द ग्राउंड फ्लोअर." दुसऱ्यातलं "स्लेप्ट" भूतकाळाचं दिसतं, पण गोष्ट पुढची आहे. "आय'ड रादर" आणि "इट'स टाइम" यांच्यामागे इंग्रजी असंच मागे सरकलेलं रूप वापरते. गेस्ट हाऊसच्या मालकिणीसाठी मी पहिला पर्याय पाठवते, कारण त्यात खोली हवी आहे हे सरळ कळतं.

तिसरं: "इल स प क मों फ्रेर विएन ओसी." "माय ब्रदर मे कम टू." इथे "मे" बरोबर आहे, पण तो "विएन"मधून आलेला नाही. "इल स प" म्हणजेच "शक्य आहे", त्याचा तो "मे". "इट मे बी दॅट माय ब्रदर मे कम" लिहिणारा एकच शक्यता दोनदा मोजतो.

चौथं: "ज न पाँस पा किल रेस्त प्लू द द जूर." इथे "रेस्त" साध्या आणि सब्जंक्टिव्ह दोन्ही रूपांत सारखंच दिसतं, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नाही, आणि ओळखलं नाही म्हणून बिघडतही नाही. "आय डोन्ट थिंक ही'ल स्टे मोर दॅन टू डेज."

इंग्रजीत स्वतःचा सब्जंक्टिव्ह आहे ना? तो कधी वापरायचा?

आहे. "वी रिक्वेस्ट दॅट द ग्रुप बी लॉज्ड टुगेदर" मधला "बी", किंवा "द डॉक्टर रेकमेंड्स दॅट ही रेस्ट" मधला "स" नसलेला "रेस्ट". अमेरिकन इंग्रजीत तो अधिक सहज येतो. ब्रिटिश वळणात त्या जागी "शुड बी" किंवा साधं रूपही चालतं. दूतावासाचं पत्र, करारनामा, सभेचा ठराव असेल तर तो जरूर वापरा, तिथे तो शोभतो. पण मूळ फ्रेंचचा सूर तेवढा औपचारिक आहे का, ते आधी पाहा. फ्रेंचमध्ये लहान मूलही आईशी सब्जंक्टिव्हमध्ये बोलतं. इंग्रजीत मूल "आय इन्सिस्ट दॅट शी बी हिअर" म्हणत नाही. म्हणून कुटुंबाच्या चिठ्ठीत डॉक्टरचं वाक्य "द डॉक्टर सेज ही शुड रेस्ट" असंच करा. हे "शुड" मात्र हक्काचं आहे, कारण सल्ला खराच दिलेला आहे.

"आप्रे क" नंतर काही फ्रेंच लोक सब्जंक्टिव्ह लिहितात. ते चूक आहे का?

"आप्रे क" म्हणजे "झाल्यावर". व्याकरण तिथे साधं रूप सांगतं, पण "आवाँ क"च्या ओढीने अनेक जण सब्जंक्टिव्ह वापरतात. भाषांतरकाराला दोन्ही सारखेच: "आफ्टर ही लेफ्ट."

जुन्या प्रवासवर्णनांत "पार्तिस", "फ्यू" अशी ओळखू न येणारी रूपं भेटतात. त्यांचं काय करायचं?

ती भूतकाळातल्या सब्जंक्टिव्हची रूपं आहेत. आज बोलण्यात ती उरलेली नाहीत, पण फ्रेंच प्रवासी जाँ द थेवनो 1666-67 च्या सुमारास दख्खनमधून गेला आणि वेरूळबद्दल लिहून गेला, त्या काळच्या फ्रेंचमध्ये ती नेहमीची होती. आपल्या भागाचा इतिहास वाचणाऱ्याला ती कधी ना कधी भेटतातच. भिऊ नका. मागणारा शब्द तोच असतो, फक्त आधीचं क्रियापद भूतकाळात असल्याने मागचंही तिकडे सरकलेलं असतं. "इल फाले क नू पार्तिसियों" म्हणजे "वी हॅड टू लीव". जुनेपणा दाखवायचा म्हणून "इट वॉज नीडफुल दॅट वी शुड डिपार्ट" असं करायचा मोह होतो. मी तो टाळते. त्या काळच्या वाचकाला ते रूप जुनं वाटत नव्हतं, त्याच्या कानाला ती सरळ गद्यभाषाच होती.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

फ्रेंच कागद बाजूला ठेवा आणि इंग्रजीतले सगळे "दॅट", "मे" आणि "शुड" शोधा. प्रत्येक "मे"जवळ थांबून विचारा: मूळ वाक्यात शक्यतेचा शब्द होता का? प्रत्येक "शुड"जवळ विचारा: कुणी खरंच सल्ला किंवा कर्तव्य सांगितलं होतं का? उत्तर "नाही" आलं तर तो शब्द सब्जंक्टिव्हच्या शेपटीतून आलेला आहे, काढा. मग फ्रेंच पुन्हा उघडा आणि "दीर क" आणि "की"नंतरची क्रियापदं तेवढी अक्षर-अक्षर वाचा. सब्जंक्टिव्हला स्वतःचा अर्थ बहुधा याच दोन जागी सापडतो. पार्किंगमध्ये शिरलेली ती गाडी पहिल्या तपासणीत सापडली नसती, दुसरीत सापडली असती.